पहिलं कार्ड फेल, दुसऱ्यांदा लगेच पास: कार्ड मशीनमधला हा बिघाड कसा शोधायचा

नौपाड्यातलं एक साड्यांचं दुकान. तीन महिन्यांत तिथलं सिम दोनदा बदललं होतं आणि एकदा अख्खं मशीन बदललं होतं. तक्रार मात्र हटत नव्हती. मी गेलो तेव्हा गल्ल्यावरच्या काकू एवढंच म्हणाल्या, "पहिलं कार्ड जातच नाही बघ. तेच कार्ड परत लावलं की झटकन होतं. गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघतं, जसं मीच काहीतरी केलंय."

ठाणे आणि नवी मुंबईत कार्ड मशीन बसवायचं आणि दुरुस्त करायचं काम मी करतो. असल्या तक्रारीवर आमच्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे "नेटवर्क प्रॉब्लेम आहे, सिम बदलून देतो". मीही ते अनेकदा दिलंय. पण काकूंच्या बोलण्यात एक गोष्ट होती जी नेटवर्क कमी असण्याशी जुळत नव्हती. रेंज खराब असेल तर कार्ड कधीही अडकेल. पहिल्यांदाच अडकायचं आणि दुसऱ्यांदा कधीच नाही, इतकी शिस्त रेंजला नसते.

म्हणून मी मशीनला हात न लावता काकूंना एक वही दिली. कार्ड फेल झालं की वेळ लिहायची आणि त्याच्या आधीचं कार्ड किती वाजता झालं होतं तेही लिहायचं. दुसरी वेळ स्लिपवर छापलेलीच असते. आठ दिवसांत अकरा नोंदी झाल्या. अकराच्या अकरा ठिकाणी आधीच्या व्यवहारापासून अर्ध्या तासाहून जास्त वेळ गेलेला होता. संध्याकाळी सहा ते नऊ, म्हणजे गर्दीच्या वेळात, एकही नोंद नाही. दुपारी दुकान दीडला बंद होऊन साडेचारला उघडतं, तेव्हाचं पहिलं कार्ड मात्र रोज फेल.

निम्मं निदान तिथेच झालं. बाकीचं समजण्यासाठी मशीन बँकेशी बोलतं कसं, हे थोडं बघावं लागेल.

काड्या कुठपर्यंतच्या

मशीनच्या स्क्रीनवर सिग्नलच्या चार काड्या दिसतात, त्या मशीनपासून टॉवरपर्यंतच्या. वाय-फायचं चिन्ह दिसतं ते मशीनपासून राउटरपर्यंतचं. केबल लावली तर तीही भिंतीतून निघून त्याच राउटरला जाते. बँकेपर्यंत काही सलग वायर गेलेली नसते. हा रस्त्याचा पहिला टप्पा झाला. पुढे टेलिकॉम कंपनीचं किंवा ब्रॉडबँडवाल्याचं जाळं, मग ये-जा तपासणारी फायरवॉल, आणि शेवटी बँकेचा सर्व्हर. त्यामुळे "फुल रेंज आहे तरी होत नाही" या वाक्यात विचित्र काहीच नाही. नितीन कंपनीजवळ फ्लायओव्हर मोकळा दिसला म्हणून मुलुंडचा टोलनाका मोकळा असेल असं आपण धरत नाही, तसंच.

या सगळ्या रस्त्यावरून मशीन आणि बँकेचा सर्व्हर आपसात एक कुलूपबंद वाट तयार करतात. तिला टीएलएस म्हणतात. सुरुवातीला दोघांमध्ये ओळखपाळख होते. सर्व्हर आपलं प्रमाणपत्र दाखवतो, मशीन ते तपासतं, आणि फक्त या भेटीपुरत्या किल्ल्या ठरतात. त्यानंतरचा प्रत्येक संदेश त्या किल्ल्यांनी बंद करून जातो. मधल्या राउटरला फक्त पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतलं काही दिसत नाही.

काकूंनी इथेच विचारलं, "मग आमच्या वाय-फायवरून गिऱ्हाइकाचा पिन कोणी वाचू शकेल का?" नाही. पिन तर टीएलएसच्याही आधी कीपॅडच्या आतल्या सुरक्षित भागात बंद होतो आणि बंद अवस्थेतच बाहेर पडतो. त्याची किल्ली दर व्यवहाराला नवीन असते. म्हणजे पाकिटात पाकीट. काकूंनी त्याच वेळी दोनदा तोच पिन टाकला तरी बाहेर जाणारे आकडे दोन्ही वेळा वेगळे.

आता मुद्द्याकडे. ही ओळखपाळख फुकट होत नाही. त्यासाठी मशीन आणि सर्व्हरमध्ये दोन-तीन फेऱ्या व्हाव्या लागतात. ४जीवर ते कळतही नाही, पण जुन्या २जीवर एकेका फेरीला अर्धा-पाऊण सेकंद किंवा त्याहून जास्त लागायचा आणि गिऱ्हाईक तोवर उभं. म्हणून काही मशीनना सांगितलेलं असतं की एकदा वाट उघडली की ती बंद करू नकोस, पुढचं कार्ड आलं की त्याच वाटेवरून संदेश पाठव. कल्पना चांगली आहे. काकूंचं मशीन असंच होतं.

वाट बंद झाली, पण कोणी सांगितलं नाही

मध्ये बसलेलं राउटर किंवा फायरवॉल प्रत्येक उघड्या वाटेची एक नोंद ठेवतं: आतलं अमुक यंत्र बाहेरच्या अमुक सर्व्हरशी बोलतंय. ही नोंदवही अमर्याद नसते. म्हणून ज्या वाटेवरून बराच वेळ काहीच गेलं-आलं नाही, तिची नोंद पुसली जाते. आतले संदेश कुलूपबंद असल्यामुळे मधल्या फायरवॉलला हे कळायला मार्ग नाही की ही दुकानाची वाट आहे, जरा थांबू या. तिच्या दृष्टीनं ती एक गप्प बसलेली जोडणी, बस.

पुसताना ती दोन्ही टोकांना कळवते असंही नाही. बऱ्याचदा गुपचूप पुसते. मशीनला वाटतं वाट उघडीच आहे. साडेचारला गिऱ्हाईक कार्ड लावतं, मशीन त्या जुन्या वाटेवरून संदेश पाठवतं, फायरवॉल वहीत बघते, नोंद सापडत नाही, संदेश टाकून देते. मशीन उत्तराची वाट बघत बसतं. थोड्या वेळानं पोच आली नाही म्हणून तोच तुकडा परत पाठवतं, तोही कचऱ्यात जातो. शेवटी तीस-चाळीस सेकंदांनी स्क्रीनवर TIME OUT येतो. तेव्हा कुठे मशीन जुनी वाट सोडून देतं. दुसऱ्यांदा कार्ड लावलं की नवी ओळखपाळख होते आणि दोन-तीन सेकंदांत काम होतं.

गंमत अशी की इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्यांनी याचा विचार करून ठेवलाय. २००८ च्या आरएफसी ५३८२ मध्ये म्हटलंय की अशी चालू जोडणी २ तास ४ मिनिटांच्या आत पुसू नये. प्रत्यक्षात अर्ध्या तासाचं किंवा तासाभराचं घड्याळ लावलेली उपकरणं सर्रास सापडतात.

घड्याळ लावून खात्री

वहीवरून संशय आला, पण बँकेच्या हेल्पडेस्कला संशय सांगून उपयोग नसतो. त्यांना आकडा लागतो. बहुतेक मशीनच्या मेनूत होस्ट टेस्ट, एको टेस्ट किंवा लॉगऑन अशा नावाची एक चाचणी असते. तिच्यात पैसे हलत नाहीत. मशीन सर्व्हरला "आहेस का?" विचारतं आणि सर्व्हर "आहे" म्हणतो.

आधी मशीन चार्जरवर ठेवलं, कारण बॅटरीवर असताना काही मशीन झोपतात आणि झोपेत मोडेम बंद करतात. तसं झालं तर लक्षण अगदी हेच दिसतं आणि दोष भलत्याच्या माथी जातो. मग एक चाचणी केली, पास झाली. वीस मिनिटं मशीनला हात लावला नाही, पुन्हा चाचणी, पास. पंचवीस मिनिटं थांबलो, पास. पस्तीस मिनिटं थांबलो, फेल, आणि लगेच दुसरी केली तर पास. चाळीस मिनिटांनीही तसंच. इथे एक चूक हमखास होते. दर पास झालेली चाचणी घड्याळ परत शून्यावर आणते. म्हणून थांबायचा वेळ शेवटच्या पास चाचणीपासून मोजायचा, सकाळपासून नाही. माझी अख्खी दुपार या मोजणीत गेली. काकूंनी दोनदा चहा दिला आणि तिसऱ्यांदा विचारलं, "तू काम करतोयस का बसलायस?"

पंचवीस आणि पस्तीसच्या मध्ये कुठेतरी सीमा होती. अशी घड्याळं माणसं लावतात आणि माणसांना गोल आकडे आवडतात, म्हणून मी तीस धरले.

अजून एक शंका उरत होती: हे मशीनचं स्वतःचं घड्याळ तर नसेल? त्यासाठी तेच मशीन दुकानाच्या वाय-फायवर घेतलं आणि तीच चाचणी केली. आता चाळीस मिनिटांनी पास, तासाभरानं पास. दुसऱ्या दिवशी दुपारच्या बंदनंतर मात्र फेल. मशीन तेच, बँक तीच, रस्ता बदलला आणि सीमा तीस मिनिटांवरून तासाच्या पलीकडे सरकली. म्हणजे घड्याळ रस्त्यातलं आहे. सिमचा रस्ता आणि ब्रॉडबँडचा रस्ता वेगवेगळा, म्हणून सीमाही वेगवेगळी. सिम दोनदा बदलून आणि मशीन एकदा बदलून काहीच का फरक पडला नाही, तेही इथे कळतं. नवं सिम त्याच रस्त्यानं जात होतं आणि नव्या मशीनमध्ये सेटिंग जुनंच उतरलं होतं.

मग केबल लावली तर? काकूंच्या मुलानं तेच सुचवलं आणि फोनवरून वायरमनला बोलवायलाही निघाला. मी म्हटलं, "दादा, पैसे घालवू नका." केबलचा उपयोग तेव्हा होतो जेव्हा वाय-फाय अशक्त असतं, मधे काँक्रीटची भिंत असते किंवा शेजारच्या पंधरा राउटरांची गर्दी असते. इथे बिघाड राउटरच्या पलीकडे होता. केबलचं दुसरं टोक त्याच राउटरमध्ये खुपसणार, तर फरक काय पडणार?

दोन सावधगिरीच्या गोष्टी. एक, काही मशीनवर ही होस्ट टेस्ट स्वतःसाठी नवी वाट उघडते. अशा मशीनवर ती कायम पासच होईल आणि तुमची फसगत होईल. तसा संशय आला तर स्वतःच्या कार्डावर एक रुपयाची विक्री करून ती लगेच व्हॉइड करायची. दोन, मशीनमधलं सिम काढून मोबाइलमध्ये घालून बघू नका. बँकेनं दिलेलं सिम अनेकदा खाजगी एपीएनवर असतं, त्यावरून बँकेच्या सर्व्हरशिवाय कुठेच जाता येत नाही. मोबाइलमध्ये नेट चालणार नाही आणि "सिम मेलंय" असा चुकीचा निष्कर्ष निघेल. खारघरच्या एका केमिस्टनं असं करून धडधाकट सिम टाकून दिलं होतं.

पैसे कापले गेले का

TIME OUT आलं की दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांच्या मनात हाच प्रश्न. याचं उत्तर संदेश जाताना हरवला की उत्तर येताना हरवलं, यावर आहे. आपल्या या बिघाडात संदेश जातानाच टाकून दिला जातो, बँकेपर्यंत पोचतच नाही. म्हणून पैसे कापले जात नाहीत आणि गिऱ्हाइकाला मेसेज येत नाही. काकूंच्या वहीत मी हाही रकाना ठेवला होता, आणि अकरापैकी एकालाही पैसे कापल्याचा मेसेज आला नव्हता. निदानाला हा चांगला पुरावा. मेसेज कधी उशिरा येतो, म्हणून एकट्यादुकट्या व्यवहारावरून ठरवू नये, पण अकरा वेळा उशीर होत नाही.

मेसेज आले असते तर गोष्ट वेगळी होती. संदेश पोचला, बँकेनं पैसे कापले, पण "मंजूर" हे उत्तर परत येताना वाटेत गेलं, असा तो अर्थ. अशा वेळी मशीन गप्प बसत नाही. उत्तर मिळालं नाही की ते एक उलट संदेश लिहून ठेवतं, "तो व्यवहार रद्द धरा", आणि पुढच्या व्यवहाराच्या आधी तो पाठवतं. दुसऱ्यांदा कार्ड लावल्यावर स्क्रीनवर क्षणभर REVERSAL दिसतं ते हेच. बँकेपर्यंत काही पोचलं नव्हतं तरी मशीन तो पाठवतंच, कारण पहिला संदेश कुठे हरवला हे त्याला कळत नाही. म्हणून REVERSAL दिसताना घाईनं मशीन बंद करू नये.

तरीही पैसे अडकले, स्लिप निघाली नाही, तर रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे: व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत, त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. ही भरपाई बँकेनं द्यायची असते, दुकानदारानं नाही. गिऱ्हाईक भांडायला लागलं की हे शांतपणे सांगता येतं.

बँकेला नेमकं काय सांगायचं

दुकानदाराला हे सेटिंग स्वतः बदलता येत नाही. ते बँकेकडून किंवा मशीन देणाऱ्या कंपनीकडून दुरून उतरवलं जातं. हेल्पडेस्कला "नेटवर्क प्रॉब्लेम" हे दोन शब्द ऐकवले की पुढचं ठरलेलं आहे, सिम येतं. त्याऐवजी मी काकूंच्या नावानं लिहिलेल्या मेलमध्ये एवढंच लिहिलं: सिमवर शेवटच्या व्यवहारापासून पंचवीस मिनिटांत सगळं पास, पस्तीस मिनिटांनी पहिला प्रयत्न फेल, दुसरा पास, वाय-फायवर हीच सीमा तासापेक्षा जास्त, मशीन चार्जरवर होतं, ग्राहकांना डेबिटचा मेसेज येत नाही. शेवटी विचारणा: या मशीनचं कनेक्शन कायम उघडं ठेवलं आहे का, असल्यास कीप-अलाइव्ह, म्हणजे वाट जागी ठेवायला मधूनमधून जाणारा छोटा संदेश, किती मिनिटांवर आहे? सोबत वहीच्या पानाचा फोटो.

चौथ्या दिवशी फोन आला, आणि पहिल्यांदाच समोरच्यानं सिमचं नाव काढलं नाही. कीप-अलाइव्ह बंद होतं.

उपाय दोन असतात. पहिला, दर व्यवहाराला नवी वाट उघडायची आणि काम झालं की बंद करायची. ४जीवर मी हाच निवडीन, कारण त्यात शिळी वाट उरतच नाही. दुसरा, वाट उघडीच ठेवायची पण मधूनमधून एक छोटा "आहेस का" पाठवत राहायचा, म्हणजे फायरवॉलला वाट जागी दिसते. बँकेनं दुसरा निवडला आणि पंधरा मिनिटं ठेवली. बारा तासांच्या दुकानाला ते ४८ छोटे संदेश झाले, डेटाच्या हिशेबात काहीच नाही. बॅटरी मात्र थोडी जास्त खाते. गल्ल्यावर चार्जरला लावलेल्या मशीनला ते चालतं. डिलिव्हरीवाल्याच्या खिशातल्या मशीनला मी तसं करू देणार नाही.

सेटिंग उतरेपर्यंतचे चार दिवस काकूंना एक जुगाड सांगितला होता: दुपारी दुकान उघडलं की आधी होस्ट टेस्ट मारायची. ती फेल झाली तर पुन्हा एकदा मारायची. गिऱ्हाइकाच्या ऐवजी चाचणी फेल होते, इतकंच. त्या म्हणाल्या, "म्हणजे शटर उघडलं की आधी देवाला दिवा, मग मशीनला टेस्ट."

हा उपाय कुठे लागू नाही, तेही बघून घ्या. प्रत्येक कार्ड, प्रत्येक वेळी अडकत असेल तर शिळ्या वाटेचा संबंध नाही. तिथे ओळखपाळखच होत नसते: मशीनची तारीख चुकलेली असते, किंवा राउटरनं बाहेरचं दार बंद केलेलं असतं, किंवा मॉलच्या वाय-फायसारखं आधी लॉगिन मागणारं पान मधे उभं असतं. आणि फक्त गर्दीच्या वेळी अडकत असेल तर टॉवरवरच्या गर्दीचा संशय आधी घ्यावा.

सेटिंग बदलल्यावर वही अजून दोन आठवडे चालू ठेवली. दोन नोंदी झाल्या, दोन्ही गर्दीच्या वेळच्या. दोन्ही वेळा लाईट गेली होती. राउटर बंद पडला आणि मशीन आपोआप वाय-फायवरून सिमवर गेलं, नेमकं कार्ड लावलेलं असताना. रस्ता बदलला की मशीनचा पत्ता बदलतो, आणि टीएलएसची वाट जुन्या पत्त्यावर बांधलेल्या जोडणीवरच असते. ती उचलून दुसरीकडे नेता येत नाही, नव्यानंच उघडावी लागते. मधला व्यवहार त्यात पडतो. एका नोंदीपुढे काकूंनी लिहिलं होतं, "मेसेज आला, पैसे गेले, रात्री परत आले." म्हणजे या वेळी संदेश पोचला होता आणि उत्तर हरवलं होतं.

राउटरला सोळाशे रुपयांचा छोटा यूपीएस लावला. वही आता ब्लाउजच्या मापांसाठी वापरतात.